परीक्षा पुढे गेली म्हणून वेळापत्रक ताणू नका

परीक्षा सहा आठवडे पुढे गेल्याची नोटीस आली की पहिला दिवस सुटकेचा, दुसरा चिडचिडीचा आणि तिसऱ्या दिवशी पोरं नवीन वेळापत्रक लिहायला बसतात. अशी बरीच वेळापत्रकं माझ्यासमोर येतात आणि बहुतेक एकाच जागी फसलेली असतात: उरलेल्या कामाला उरलेल्या दिवसांनी भागलेलं असतं.

समजा पेपरला 18 दिवस उरले होते. पाच विषय, प्रत्येकाच्या उजळणीला 3 दिवस आणि शेवटचे 3 दिवस पूर्ण सराव पेपर. आता 60 दिवस मिळाले. मग विषयाला 10 दिवस आणि सराव पेपरांना 10 दिवस. कागदावर झकास दिसतं. पण आधी पहिल्या विषयाची उजळणी संपल्यापासून परीक्षेपर्यंत 15 दिवस होते, आता 50 झाले. जास्त वेळ देऊन आपण तो विषय जास्त विसरायची सोय केली. शिवाय 3 दिवसांचं काम 10 दिवसांत करायचं म्हटलं की हात सैल पडतो तो वेगळाच.

माझं म्हणणं असं की ते 18 दिवस जसेच्या तसे उचला आणि नव्या तारखेला चिकटवून ठेवा. त्यांना अजिबात हात लावायचा नाही. न पाहिलेले सराव पेपरही त्यांच्यासोबत बाजूला ठेवा. ते मोजकेच असतात. आत्ता हुरूप आहे म्हणून सोडवून टाकले, तर शेवटी तेच पेपर परत सोडवावे लागतात आणि मार्क उगाच फुगलेले दिसतात.

मग प्रश्न उरतो मधल्या 42 दिवसांचा. त्यातले पहिले दोन-तीन दिवस काहीही वाचू नका. वही मिटून, घड्याळ लावून, प्रत्येक विषयाच्या जुन्या पेपरांतले वीसेक प्रश्न सोडवा. आधी नजर टाकून घ्यायचा मोह होतो, तो टाळा, कारण ताजं वाचलेलं कुणालाही येतं. एका मुलीला रसायनशास्त्र ‘झालंय’ असं वाटत होतं. सोडवायला बसवल्यावर भौतिक रसायनातली गणितं सुटली, पण सेंद्रिय रसायनात अभिक्रिया वाचून पटापट ओळखणारी हीच मुलगी कोऱ्या कागदावर अभिकारक लिहिताना अडली. ओळखता येणं आणि आठवून लिहिता येणं यांतला हा फरक विषयाच्या नावापुढे बरोबरची खूण करून कळत नाही. तिच्या 42 दिवसांतल्या रसायनाच्या वेळेचा मोठा वाटा मग सेंद्रियला गेला. रोज थोड्या अभिक्रिया न बघता लिहायच्या, चुकलेल्या दोन-तीन दिवसांनी परत.

जे पक्कं निघालं त्याचं काय? ते रोज घोकायची गरज नाही, पण वाऱ्यावरही सोडू नका. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांचा 2008 सालचा एक अभ्यास आहे. त्यात चाचणी उजळणीनंतर 35 दिवसांनी होती तेव्हा पहिला अभ्यास आणि उजळणी यांत 11 दिवसांचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं, 70 दिवसांनी होती तेव्हा 21 दिवसांचं. तो सुट्या माहितीच्या पाठांतरावर होता, गणितं सोडवण्यावर नव्हता, म्हणून आकडे ढोबळच धरा. आपल्या 60 दिवसांसाठी मी पक्क्या भागाला दर दोन आठवड्यांनी एक छोटी चाचणी ठेवतो. मधल्या काळात तशा तीन बसतात. एखाद्यात भाग घसरलेला दिसला की तो लगेच कच्च्यांच्या यादीत जातो. आठवड्यातला एक दिवस मात्र कोराच ठेवा. मागे राहिलेलं काम तिथे जातं, आणि काही राहिलं नसेल तर सरळ झोपा.

तारीख अलीकडे आली तरी शेवटच्या उजळणीला हात लावायचा नाही, हे माझं मत कायम आहे. आठ आठवडे होते, त्यातले शेवटचे दोन उजळणीचे आणि सहा आठवड्यांत 24 टॉपिक, म्हणजे आठवड्याला चार. आता पाचच आठवडे उरले. उजळणीचे दोन काढले की तीन उरतात, त्यात 12 टॉपिक बसतात. बाकीचे 12 सोडायचे. इथेच सगळ्यांचा जीव वर-खाली होतो आणि 24 च्या 24 दुप्पट वेगाने ‘नजरेखालून’ घातले जातात. तसं करून बघायचंच असेल, तर चार दिवसांनी त्यातल्या एका टॉपिकचे पाच जुने प्रश्न वही मिटून सोडवा. दोनसुद्धा सुटले नाहीत तर तो वेग कामाचा नाही.

कोणते 12 ठेवायचे हे आवडीवर ठरवू नका. मागच्या पेपरांत त्या टॉपिकला किती मार्क आले आणि तो करायला तुम्हाला किती तास लागतील, एवढंच बघा. आठ मार्कांचा पण चार तासांत होणारा टॉपिक दहा मार्कांच्या पंधरा तासवाल्याच्या आधी येतो. अपवाद एकच: ज्याच्यावर पुढचे दोन-तीन टॉपिक उभे आहेत, तो कितीही तास खात असला तरी ठेवावा लागतो.

आणि हो, हे सगळं करण्याआधी मूळ नोटीस नीट वाचा. पुष्कळदा फक्त पहिला पेपर हललेला असतो आणि बाकीचे जागच्या जागी असतात.