डिझाइन पाहिल्यावरच क्लायंट विषय बदलतो, त्याचं काय?

प्रतिक्रिया: "तुमचं महिन्याचं कॅलेंडर शीटवर छान दिसतं. आमचे क्लायंट विषयांना 'ओके' म्हणतात आणि बारा डिझाइन्स तयार झाली की सगळं बदलायला लावतात. त्यात तुमची तीन-तीन अप्रूव्हल्स! यापेक्षा एकेक पोस्ट करून पाठवलेली काय वाईट?"

बारा डिझाइन्स एकदम पाठवली तर हे होणारच. पोस्ट रोज एक केलीत तरी हाच बदल येईल, फक्त तो महिनाभर रोज थोडा थोडा येत राहील. महिन्याच्या सोशल मीडिया पोस्ट एकत्र, म्हणजे बॅचमध्ये, करण्यावरच्या आधीच्या लेखात मी होकाराचे तीन टप्पे दिले, विषय, मजकूर आणि डिझाइन, पण कोणत्या टप्प्यावर क्लायंटने नेमकं काय ठरवायचं ते लिहिलं नाही. ती उणीव माझी, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

फिजिओथेरपी क्लिनिकचं उदाहरण घेऊ. महिन्याला १२ पोस्ट. पहिल्या टप्प्यात, विषयांच्या शीटमध्ये, बहुतेक जण लिहितात: "५ तारीख, मानदुखीबद्दल माहिती." याला कोणीही ओके म्हणेल, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काही नाहीच. डॉक्टरांच्या डोक्यात व्यायामाचा व्हिडिओ असतो, तुमच्या डोक्यात कॅरोसेल. तीच ओळ अशी लिहून बघा: "५ तारीख, ५ स्लाइड्सचं कॅरोसेल. पहिल्या स्लाइडवरचं वाक्य: 'मान दुखतेय? आधी स्क्रीनची उंची बघा.' फोटो: टेबलाशी बसलेली व्यक्ती, बाजूने, क्लिनिककडून आदल्या महिन्याच्या १४ तारखेपर्यंत हवा. शेवटी: तपासणीसाठी वेळ घ्या." आता डॉक्टर लगेच सांगतील की स्क्रीनपेक्षा खुर्चीबद्दल बोलू या. हा बदल दोन मिनिटांचा. हाच बदल डिझाइननंतर आला, तर पाच स्लाइड्स, स्टोरीची वेगळी प्रत आणि कॅप्शन असं सगळं पुन्हा करावं लागतं.

दुसऱ्या टप्प्यात पूर्ण मजकूर, तोही साध्या डॉक्युमेंटमध्ये. चित्रावर येणारे शब्द आणि कॅप्शन वेगवेगळे दाखवा आणि चित्रावरच्या शब्दांना जास्त वेळ द्या. इन्स्टाग्रामवर पोस्ट गेल्यावर कॅप्शन दुरुस्त करता येतं, चित्र बदलता येत नाही. फोन नंबर, वेळ, शुल्क चित्रावर चुकलं तर पोस्ट काढून पुन्हा टाकावी लागते आणि आधीचे लाइक्स, कमेंट्स जातात.

तुमची खरी अडचण सुटते ती तिसऱ्या टप्प्यावर. बॅच म्हणजे बाराही डिझाइन्स एका दमात करणं नव्हे. १२ पोस्ट साधारण तीन टेम्प्लेट्समध्ये बसतात: माहितीचं कॅरोसेल, प्रश्नोत्तर आणि क्लिनिकची सूचना. आधी प्रत्येकाचा एकच नमुना, खऱ्या मजकुरासह, दाखवा. रंग, फॉन्ट, लोगोची जागा यावरचे सगळे वाद या तीन चित्रांवर मिटवा, मग उरलेली नऊ करा. बॅचचा मोठा धोकाही इथेच आवरतो: टेम्प्लेटमध्ये जुना नंबर राहिला तर तो बाराही पोस्टवर जातो.

पुढच्या महिन्याच्या पोस्टसाठी या महिन्यातल्या तारखा अशा धरा: १० ला विषय, १२ पर्यंत होकार. १५ ला मजकूर, १८ पर्यंत दुरुस्त्या. १९ ला तीन नमुने, २० ला निर्णय. २४ ला सगळी डिझाइन्स, २६ पर्यंत शेवटची नजर, २८ ला शेड्यूल. शेवटच्या फेरीत फक्त चुका काढायच्या, नवे विचार नाहीत; हे कामाच्या सुरुवातीलाच लेखी ठरलेलं हवं. होकार देणारी व्यक्ती एकच असावी. डॉक्टर, त्यांचे भागीदार आणि रिसेप्शन यांचं एकमत त्यांनी आपसात करावं आणि एकाने शीटमध्ये लिहावं. व्हॉइस नोटमधली दुरुस्ती शीटमध्ये उतरेपर्यंत ती आलीच नाही असं समजा. फाइललाही आवृत्ती द्या, उदाहरणार्थ `05_neck_v2`. नाहीतर जुनीच प्रत शेड्यूल होते.

उत्तरच आलं नाही तर? गप्प बसणं म्हणजे होकार, असं काही जण करारात लिहितात. आरोग्याच्या मजकुराला तरी मी ते कधीच लावणार नाही. त्याऐवजी आधीच मंजूर केलेल्या, तारखेशी न बांधलेल्या दोन पोस्ट राखून ठेवा. वेळेत होकार नाही आला, तर त्या दिवशी राखीव पोस्ट जाते आणि अडकलेली पुढे सरकते.

ज्यांच्याकडे रोज नवी घडामोड असते, त्यांच्यासाठी बाराही जागा भरू नका. नऊ ठरवा, तीन मोकळ्या ठेवा.

आणि एक महिना एवढं करून बघा: डिझाइननंतर आलेल्या प्रत्येक बदलासमोर "शब्द", "रूप" किंवा "नवी माहिती" यांपैकी एक लिहा. "शब्द" जास्त आले तर मजकूर नीट न वाचताच ओके झालाय, तो १८ च्या आधी फोनवर वाचून दाखवा. "रूप" जास्त आले तर नमुने कमी पडले. "नवी माहिती" जास्त आली तर मोकळ्या जागा तीनऐवजी पाच करा.