खुलासा : नग्न फोटो पसरवायची धमकी देणाऱ्यांना पैसे दिले की फोटो डिलीट होतात का?

“एकदाच पैसे टाकले की ते फोटो डिलीट करतात, विषय मिटतो.”

नाही मिटत. राजारामपुरीतल्या माझ्या ओळखीच्या एका पोराला त्याचाच चेहरा नग्न शरीरावर चिकटवलेला फोटो आला. त्यानं घाबरून दोन हजार पाठवले. तासाभरात दुसऱ्या नंबरवरून “डिलीट चार्ज” म्हणून पाच हजारांची मागणी. मग तिसरा, ‘पोलीस’ बनून.

कारण सरळ आहे. फाईलच्या कितीही प्रती निघतात, त्यामुळे एक पुसल्याचा स्क्रीनशॉट काहीच सिद्ध करत नाही. आणि पैसे देऊन आपण दाखवून देतो की हा माणूस घाबरतो आणि देतो. असा नंबर ते सहसा सोडत नाहीत, दुसऱ्या टोळीलाही देऊ शकतात.

मेसेज पुसू नका. नंबर, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा, तक्रार cybercrime.gov.in वर. वय अठरापेक्षा जास्त असेल तर StopNCII.org तुमच्याच फोनवर त्या फोटोचा सांकेतिक ठसा बनवतं. फोटो कुठंही जात नाही. सहभागी ॲप त्यावरून तो ओळखून अडवू शकतात, बाकीची नाही. घरच्यांना मात्र आजच सांगा, बाळांनो. त्यांना आधीच माहीत असेल तर धमकीत उरतं काय?