दहा मिनिटांच्या कामाला चार दिवस? आमचं उत्तर

एआयने करून दिलेल्या एका चित्राबद्दल ग्राहकाचा अभिप्राय:

"स्केचमध्ये सगळं स्पष्ट होतं: बाटली डावीकडे पुढे, खोका मागे, उजवीकडून हात. पहिल्या चित्रात बाटली भिंतीवर छापल्यासारखी आणि हाताला सहा बोटं! कंट्रोलनेटमध्ये स्केच टाकलं की दहा मिनिटांत होतं, यांनी चार दिवस लावले. दोन तारे."

नमस्कार. पहिलं चित्र खराबच होतं आणि ते तुमच्यापर्यंत जायलाच नको होतं. चूक आमची, मनापासून माफी मागते.

पण "दहा मिनिटांत होतं" हे वाक्य मनाला फार लागलं. कारण ते पहिलं चित्र दहा मिनिटांतच केलेलं होतं.

कंट्रोलनेट म्हणजे एआयला चित्राची मांडणी ठरवून देणारं साधन. त्यातल्या डेप्थच्या प्रीप्रोसेसरला, म्हणजे चित्रातून अंतराचा नकाशा काढणाऱ्या भागाला, तुमचं स्केच थेट दिलं होतं. तो सावल्या, पोत आणि वस्तूंची लहानमोठी मापं बघून अंतराचा अंदाज बांधतो. पेन्सिलच्या रेघांत यातलं काहीच नसतं. त्यामुळे त्याला दिसला तो सपाट कागद, आणि नकाशात बाटली व भिंत जवळपास एकाच करड्या रंगात आली. डेप्थ मॅपमध्ये जवळचं पांढरं, लांबचं काळं. दोन्ही एकाच छटेत असतील तर मॉडेल बाटली भिंतीवरच रंगवणार. तो नकाशा उघडून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. बघितला नाही, ही आमची घाई.

म्हणून दुसऱ्या दिवशी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये साधे ठोकळे मांडले. बाटलीसाठी दंडगोल, खोक्यासाठी घन, खाली टेबल. इथेच काम अडलं. तुमच्या स्केचमध्ये बाटलीचं तोंड वरून बघितल्यासारखं, चांगलं रुंद लंबगोल आहे, आणि खोका मात्र अगदी समोरून काढलाय, त्याची वरची बाजू दिसतच नाही. एका कॅमेऱ्यात या दोन्ही गोष्टी बसत नाहीत. कॅमेरा वर नेला की खोक्याचं झाकण दिसतं, खाली आणला की बाटलीचं तोंड रेघेसारखं होतं. यातलं काय ठेवायचं, हे मी सकाळी अकराला विचारलं होतं. तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. दोष देत नाही, तुम्हालाही कामं असतात. पण चारातला दीड दिवस तिथे गेला, हे वाचणाऱ्यांना कळायला हवं.

पुढचा वेळ अंतराच्या पट्ट्यात गेला. ब्लेंडरच्या, अंतर छटांत दाखवणाऱ्या `Mist` पासची खोली आधी 25 मीटर ठेवली होती. बाटली आणि खोक्यात अंतर 40 सेंटिमीटर. 256 छटांमध्ये त्या दोघांच्या वाट्याला जेमतेम 4 छटांचा फरक आला, म्हणजे पुन्हा तेच चिकटणं. पट्टा कॅमेऱ्यापासून 1.2 ते 2.7 मीटर इतका आवळला, `Falloff` हा `Linear` च ठेवला, तेव्हा फरक 68 छटांवर गेला आणि बाटली खोक्यापासून सुटली. `Mist` मध्ये लांबचं पांढरं येतं, म्हणून तो नकाशा उलटा करून, प्रीप्रोसेसर `None` ठेवून कंट्रोलनेटला दिला.

हातासाठी आधी शरीराचा सांगाडा बिंदूंनी दाखवणारं ओपनपोज वापरलं होतं. त्यात हाताचे 21 बिंदू मिळतात, पण कुठलं बोट बाटलीच्या पुढे आणि कुठलं मागे, हे त्या सपाट सांगाड्यात कळत नाही. पकडलेल्या बोटांचा तिथेच गोंधळ झाला. पोज काढून टाकली आणि हाताचं तयार मॉडेल त्याच ठोकळ्यांमध्ये, बाटलीला धरून बसवलं. बोटं पाच आली.

शेवटी कंट्रोलनेटचं वजन 1 आणि `Ending Control Step` 0.6 ठेवलं. 30 पायऱ्यांतल्या पहिल्या 18 मध्ये मांडणी पक्की होते, उरलेल्यांत काचेला काचेसारखं व्हायला मोकळीक मिळते. शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं तेव्हा बाटलीचे खांदे माझ्या दंडगोलासारखेच बोजड आले होते. तीन वेगवेगळ्या सीडची, म्हणजे सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्यांची, चित्रं ठोकळ्यांच्या चित्रावर अर्धपारदर्शक ठेवून बघितली, तिन्हींत बाटलीची कड जागच्या जागी होती. लेबलवरची अक्षरं डेप्थ मॅप सांभाळत नाही, म्हणून तुमचं खरं लेबल वरून बसवलं. चौथ्या दिवशी तुम्हाला मिळालं ते हे चित्र. त्याबद्दल तुमच्या अभिप्रायात एक शब्दही नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

यापुढे नकाशा डोळ्यांखालून घातल्याशिवाय कच्चं चित्र पाठवणार नाही, आणि कॅमेऱ्याची शंका असली तर फोनच करू. बाकी सुधारणाही करतो आहोत. तुमच्या दुसऱ्या उत्पादनाचे ठोकळे त्याच फाइलमध्ये मांडून ठेवले आहेत. काम द्यायचं ठरलं तर बाटली कुठल्या उंचीवरून बघायची, तेवढं आधी सांगा.