कलम ७७ न वाचता फिरवलेला फॉरवर्ड

खासगी फोटो कुणी पसरवला तर काय करावं, याबद्दल असा एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मुलीने फोटो स्वतःच पाठवला असेल तर केस उभीच राहत नाही. नेटवर गेलेला फोटो कधीच निघत नाही. पोलिसांत गेलात तर बदनामी तेवढी होते. त्यापेक्षा अकाउंट डिलीट करा आणि गप्प बसा.’

आधी केसचं बघू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चं दुसरं स्पष्टीकरण नेमकं याच प्रसंगासाठी आहे: स्त्रीने खासगी फोटो काढू दिला, पण तिसऱ्याला दाखवायला संमती दिली नाही, तर तो पसरवणं गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षं कैद. हे कलम फक्त स्त्रियांसाठी आहे. मुलाचा खासगी फोटो फिरवला तर आयटी कायद्याचं कलम ६६ई लागतं.

फोटो निघतो, फक्त योग्य दार ठोठवावं लागतं. समजा, जुन्या मित्राने बनावट अकाउंट उघडून नग्न फोटो टाकला. ॲपमधलं ‘रिपोर्ट’ दाबून थांबू नका. त्या कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. पोस्टची लिंक द्या, फोटो माझा आहे, संमती नाही, एवढं सांगा आणि २०२१ च्या आयटी नियमांतला नियम ३(२)(बी) नमूद करा. नग्न, लैंगिक किंवा मॉर्फ केलेल्या फोटोवर कंपनीने जास्तीत जास्त दोन तासांत कारवाई करायची असते; फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती. तुमच्या वतीने बहीण किंवा मैत्रीणही तक्रार करू शकते. कंपनीने दाद दिली नाही तर तक्रार अपील समिती आहे.

फोटो अजून फिरला नसेल, नुसती धमकी असेल, तर stopncii.org उघडा (वय अठरा पूर्ण हवं). फोटो तुमच्याच फोनवर राहतो. त्याचा डिजिटल ठसा तेवढा सहभागी कंपन्यांकडे जातो. तिथे तोच फोटो कुणी चढवायला गेला तर तो पकडता येतो. मात्र व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटपर्यंत हा ठसा पोचत नाही, आणि फोटो बराच कापला-बदलला तर तो निसटू शकतो.

अकाउंट डिलीट करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. धमक्यांचं चॅट हाच तर पुरावा! त्याचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट घ्या, पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, आणि मगच फोटो काढायला लावा. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये लिंक नसते, तिथे बरेच जण अडकतात. काढलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपणं कंपनीवर बंधनकारक आहे.

पोलिसांचं म्हणाल, तर cybercrime.gov.in वर महिला व बालकांच्या विभागात नाव न देताही कळवता येतं. पण गुन्हा दाखल करून पाठपुरावा हवा असेल तर नाव द्यावं लागतं. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परतू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो.

एक खरी अडचण फॉरवर्डमध्ये नाहीच. लग्नातला साधा, कपड्यांतला फोटो कुणी टाकला तर दोन तासांचा हा नियम लागत नाही. तो सेल्फी असेल तर कॉपीराइट तुमचा, त्या आधारे काढायला लावता येतो. दुसऱ्याने काढलेला असेल, तर कॉपीराइट सहसा त्याचा.