सर्टिफिकेट आहे ना? मग त्यावर नावं कुणाची आहेत ते बघा!

आज दुपारी एक गृहस्थ पार्टनरशिप डीडचा मसुदा घेऊन आले आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. व्हीआरएस घेतलेला माणूस. तुर्भ्याला दोन भावांची पॅकिंग मटेरियलची फर्म आहे, तिथे १५ लाख घालून २५ टक्क्यांचा भागीदार होणार. "मॅडम, फर्म रजिस्टर्ड आहे, तुम्ही फक्त भाषा बघा," म्हणाले.

रजिस्टर्ड म्हणजे काय, हे दाखवायला सोबत फाइल होती. पॅन, जीएसटीचं सर्टिफिकेट, गुमास्ता, उद्यम, नोटरीचा शिक्का मारलेलं जुनं डीड. अहो, यातलं एकही फर्मचं रजिस्ट्रेशन नाही! नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगतो. जीएसटी म्हणजे करखात्यातली नोंद. भागीदारी फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते, १९३२च्या भागीदारी कायद्याखाली, आणि तिचा खरा पुरावा म्हणजे फर्मच्या रजिस्टरचा सर्टिफाईड उतारा. तो कुणालाही फी भरून मागता येतो.

फाइलच्या तळाशी रजिस्ट्रारचं सर्टिफिकेट होतं, २०११चं. आमच्या गृहस्थांचा चेहरा खुलला. मी नावं विचारली. भागीदार दोन: वडील आणि थोरला भाऊ. वडील २०१९ला गेले. त्यानंतर धाकट्याला आत घेतलं, ते नोटरीच्या कागदावर. रजिस्ट्रारकडे कुणी फिरकलंच नाही.

आता नीट वाचा. भागीदार दोनच असतील आणि त्यातला एक गेला, तर फर्म तिथेच संपते. "कुणाच्या मृत्यूने फर्म बंद होणार नाही" असं डीडमध्ये लिहिलं असलं तरीही, कारण एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. सुप्रीम कोर्टाने हे १९६५लाच सांगितलंय. तीन भागीदार असते तर ते कलम उपयोगी पडलं असतं. इथे मात्र वडिलांच्या मृत्यूनंतर थोरला आणि धाकटा मिळून जी फर्म चालवतायत ती कायद्याच्या नजरेत नवी फर्म आहे आणि तिची नोंद कुठेही नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट संपलेल्या फर्मचं आहे.

"पण धंदा तर व्यवस्थित चाललाय," हे त्यावरचं उत्तर. चाललाय, मान्य. नोंदणी नसलेली फर्म बेकायदा नसते, हेही मान्य. पण कायद्याचं कलम ६९ वाचा. नोंदणी नसलेल्या फर्मला गिऱ्हाइकावर कराराच्या वसुलीचा दावा लावता येत नाही. भिवंडीच्या पार्टीने सहा लाख थकवले तर फर्मने फक्त फोन करत बसायचं. आणि भागीदाराला डीडमधल्या हक्कासाठी फर्मवर किंवा इतर भागीदारांवर दावा करायचा असेल, तर दोन गोष्टी हव्यात: फर्म नोंदलेली हवी आणि त्या रजिस्टरमध्ये त्याचं स्वतःचं नाव भागीदार म्हणून हवं. दुसरी अट लोक वाचतच नाहीत. फर्म शंभर टक्के रजिस्टर्ड असेल आणि तुमचं नाव चढलं नसेल, तर तुमची गत नोंदणी नसलेल्यासारखीच. दावा लावल्यावर धावत जाऊन नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. नव्याने लावावा लागतो, आणि तोवर मुदत टळलेली असू शकते.

एक वाट उघडी राहते. फर्म मोडा, किंवा मोडलेल्या फर्मचा हिशेब द्या, असा दावा नोंदणीशिवायही करता येतो. महाराष्ट्राने १९८४मध्ये तीही बंद केली होती, ती दुरुस्ती सुप्रीम कोर्टाने २००९मध्ये रद्द केली. पण म्हणजे काय, तर चालत्या फर्ममधला नफ्याचा वाटा मागायला दरवाजा बंद आणि फर्मच मोडायची असेल तर उघडा.

मग मसुदा वाचला आणि राग आणखी वाढला. पाचवं कलम: "फर्मची सर्व मालमत्ता व सर्व देणी तिन्ही भागीदारांची आपापल्या हिश्श्याप्रमाणे राहतील." किती साधं वाटतं! कायद्याचं कलम ३१ नव्या भागीदाराला सांगतं की तू येण्यापूर्वीच्या देण्यांना तू जबाबदार नाहीस. या एका ओळीने ते संरक्षण भावांच्या बाबतीत यांनी स्वतःच सोडून दिलं असतं. बँकेचं कॅश क्रेडिट ४० लाखांचं आहे. २५ टक्के म्हणजे पहिल्याच दिवशी १० लाखांचं जुनं ओझं, १५ लाख घातल्यावर वर. बँक अशा ओळीवरून थेट यांच्या दारात येणार नाही, हे खरं. पण भागीदार बदलले की बँक नवे कागद करते, त्यावर यांची वैयक्तिक हमी मागते, आणि तिथे सही झाली की अख्खे ४० लाख यांच्याकडूनही वसूल होऊ शकतात. म्हणून डीडमध्ये तारीख हवी: अमुक ३१ मार्चच्या ताळेबंदापर्यंतची सगळी देणी, नंतर निघालेली कराची मागणीसुद्धा, दोघा भावांची. सोबत देण्यांची यादी, तिघांच्या सह्यांसकट.

बाहेर पडायचं कलम एका ओळीचं: "निवृत्त भागीदारास त्याचे भांडवल खात्यातील शिल्लक देण्यात येईल." कधी देणार? किती हप्त्यांत? नावाची किंमत धरणार की नाही? आणि ज्या शेडवर डोळे ठेवून हे पैसे घालतायत, ती एमआयडीसीची जागा थोरल्या भावाच्या वैयक्तिक नावावर आहे! फर्म तिथे धंदा करते म्हणून जागा फर्मची होत नाही. डीडमध्ये स्पष्ट लिहा: जागा फर्मची की भावाची, भावाची असेल तर भाडं किती आणि किती वर्षं. हिशेब कुणी करायचा तो सीए दोन्ही बाजूंनी मिळून नेमायचा, पैसे किती महिन्यांत आणि उशीर झाला तर किती टक्के व्याजाने, तेही.

रागावून बोलले मी त्यांच्याशी, आता वाईट वाटतंय. आयुष्यभर पगारावर राहिलेल्या माणसाला हे कोण सांगणार? आणि भाऊ लबाड आहेत असंही मी म्हणत नाही. वडील गेल्यावर घर सावरायचं की रजिस्ट्रारकडे जायचं? समजू शकते. पण १५ लाख त्या समजुतीवर ठेवता येत नाहीत.

त्यांना सांगितलेला क्रम असा. जुन्या फर्मच्या रजिस्टरचा उतारा काढा. ठाणे-नवी मुंबईच्या फर्मचं हे काम मुंबईच्या रजिस्ट्रारकडे चालतं. मग तिघांचं नवं डीड करा. स्टॅम्प भांडवलाच्या आकड्यावर ठरतो, कमी लावला तर कोर्टात फरक आणि दंड भरेपर्यंत ते डीड पुराव्यात घेत नाहीत. इथे फर्मच नवी, त्यामुळे नोंदणीचा अर्ज फॉर्म ए मध्ये, तिघांच्या सह्यांनी. जुनी नोंदणी जिवंत असती आणि नुसता भागीदार वाढला असता, तर फॉर्म ई लागला असता. पोचपावतीवर थांबू नका, तिन्ही नावं दिसणारा उतारा हातात घ्या.

आणि पैसे. टोकन म्हणून तीन लाख थोरल्याच्या बचत खात्यात मागितले होते! एक रुपयाही तिथे नको. डीडमध्ये लिहून घ्या: सहीच्या दिवशी तीन लाख फर्मच्या चालू खात्यात चेकने, उरलेले १२ लाख उतारा मिळाल्यावर सात दिवसांत, आणि सहा महिन्यांत उतारा आला नाही तर ते तीन लाख दोघे भाऊ स्वतःच्या खिशातून परत करतील. ही परतफेड एका वेगळ्या कागदावरही घ्या, दोघांच्या वैयक्तिक सह्यांची, कारण फर्मची नोंदणीच झाली नाही तर डीडमधल्या त्या कलमावर दावा लावताना पुन्हा कलम ६९ आडवं येईल.