मोर्चाला साठच माणसं का आली

"४२० घरांच्या सोसायटीतून पाण्याच्या मोर्चाला फक्त ६० माणसं. म्हणजे बाकीच्यांना पाण्याचं काही पडलेलं नाही. ज्याला खरी गरज असते तो आपोआप येतो. घरी बसणारे फुकटे, त्यांचा स्वभाव बदलत नाही. संख्या मोठी असली की ताकद येते म्हणतात, ती कुठे गेली?"
(घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये फिरणारा मेसेज)

ही ४२० घरं आमचीच. त्यामुळे आधी गरजेबद्दल. आमच्या मजल्यावरच्या काकांकडे आई अंथरुणाला खिळलेली आहे. रात्री अकराला पाणी जातं म्हणून ते दहालाच दोन पिंपं भरून ठेवतात. त्यांच्याइतकी गरज विंगेत कुणालाच नसेल. ते आले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, मी आलो काय, न आलो काय, फरक काय पडणार?"

त्यांचा हिशोब मांडून बघा. टँकरपोटी प्रत्येक घर महिन्याला ७०० रुपये भरतं, वर्षाचे ८,४००. मोर्चाला जायचं तर अर्धा दिवस बुडतो, समजा ८०० रुपये. नळाला पुरेसं पाणी आलं तर प्रत्येक घर फायद्यात, यात वादच नाही. पण काका एकटे गेल्याने पाणी येण्याची शक्यता कितीशी वाढते? अगदी सढळ हाताने शंभरात एक धरू. ८,४०० चा शंभरावा भाग ८४ रुपये. त्यासाठी ८०० कोण घालवेल? शिवाय पाणी आलंच तर ते मोर्चाला गेलेल्यांच्याच नळाला येणार नाही, काकांच्याही येईल. हा हिशोब ४२० घरांत एकाच वेळी होतो, आणि पुढच्या वर्षीही सगळे ८,४०० भरतात. मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये नेमकं हेच मांडलं: हित समान असलं म्हणून माणसं त्यासाठी एकत्र येतीलच असं नाही.

संख्येचं उत्तर यातच आहे. घरं जितकी जास्त, तितका एकाच्या येण्या-न येण्याचा परिणाम कमी आणि तो कुणाच्या नजरेत येण्याची शक्यताही कमी. नौपाड्यातल्या जुन्या बारा बिऱ्हाडांच्या चाळीत पंपाच्या वर्गणीला कोण टाळतंय ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आमच्या सात विंगांत शेजारच्या विंगेतल्या माणसाचं नावही माहीत नसतं.

मग मोठी आंदोलनं होतात कशी? उरणच्या जासई भागात जानेवारी १९८४ मध्ये सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी उतरले, गोळीबारात पाच जण गेले. पुढे जो साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, तो ज्यांची जमीन गेली त्या सगळ्यांचा होता. त्या दिवशी रस्त्यावर कोण होतं, ही त्याची अट नव्हती. म्हणजे घरी बसायला तिथेही तेवढंच कारण होतं, आणि तिथे तर जिवावर बेतलं होतं. तरी माणसं आली. माझ्या मते त्याचं मोठं कारण हे की तिथे हजार सुटी माणसं नव्हती, गावं होती. कुणाच्या घरातून कोण आलं नाही हे भावकीला, गावकीला माहीत असतं. मोठा जमाव अशा छोट्या छोट्या गटांचा बनलेला असला की टिकतो.

स्वभावाचा मुद्दाही इथेच येतो. दुसऱ्या मोर्चाच्या वेळी आम्ही सोसायटीच्या नावाने आवाहन केलंच नाही. विंगेत १५ मजले, मजल्यावर चार घरं. प्रत्येक मजल्याने एक माणूस द्यायचा, चार घरांनी आळीपाळीने. सात विंगांचे १०५ मजले. तेवढेच जण अपेक्षित होते, ९१ आले. काकाही आले, कारण त्यांची पाळी होती आणि ती कुणाची आहे हे समोरच्या तीन घरांना ठाऊक होतं. खर्चही घटला, कारण चार मोर्चांतून एकदाच अर्धा दिवस जाणार. त्यांचा स्वभाव दोन महिन्यांत बदलला नव्हता. आधी "बाकीचे येतील" असं वाटायचं, आता "मी नाही गेलो तर आपल्या मजल्याचं कुणीच नाही" असं झालं. बरेचसे लोक फुकटे नसतात. इतर येणार अशी खात्री असेल तर ते येतात, आणि आपणच एकटे पडलो असं दिसलं की थांबतात.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. जे १४ मजले रिकामे गेले त्यांतले बरेचसे भाड्याच्या घरांचे होते. करार अकरा महिन्यांचा, पाणी यायला दोन वर्षं लागली तर त्याचा उपयोग पुढच्या भाडेकरूला. त्यात टँकरचे पैसे घरमालक भरतो आणि तो पुण्याला राहतो. त्या मजल्यांसाठी आता आम्ही भाडेकरूऐवजी मालकांना फोन लावतोय. आतापर्यंत सहा जणांनी होकार दिलाय.