कडी नाही, पाणी नाही, आणि म्हणे सवय लावा!

आज पुन्हा तेच ऐकवलं वर्गशिक्षिकेनं. "त्याला घरूनच उरकून यायची सवय लावा ना." डोक्यात तिडीक गेली. आठ वर्षांच्या मुलाचं पोट काय शाळेचं वेळापत्रक वाचून चालतं?

मुलगा गेले कित्येक महिने शाळेत शी दाबून ठेवत होता. घरी आला की दप्तर पाठीवर तसंच, थेट संडासात. मला वाटायचं, चला, होते ना रोज. मग हळूहळू ते पळणंही थांबलं. "लागलीच नाही" म्हणायचा. चार-चार दिवस जायचे, आणि झाली की रडारड, दगडासारखे खडे. कधी कपाटाच्या आड पाय आवळून, टाचा उचलून, लालबुंद होऊन उभा असायचा. मी समजायचे जोर करतोय, होत नाहीये बिचाऱ्याला. कसलं काय! तो जोर करत नव्हता, आलेली शी आत ढकलत होता. ही गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

त्याआधीचा तमाशा ऐका. चड्डीला पातळ डाग पडायला लागले. एकदा वर्गात झालं, मुलं नाक धरून हसली, आणि वहीत शेरा आला: "पोट बिघडले आहे, बरे झाल्यावरच पाठवावे." मीही घरातलं जुलाब थांबवायचं औषध हातात घेतलं होतं. नशीब, आधी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि माझा हात तिथे ठेवायला लावला. खाली डाव्या बाजूला गोळा लागत होता. म्हणाले, हे जुलाब नाहीत. आत घट्ट शी अडकलीय आणि तिच्या कडेनं वरची पातळ शी झिरपतेय. त्याला कळतही नाही. जुलाब थांबवायचं औषध दिलं असतं तर आतला दगड आणखी पक्का झाला असता!

होतं काय, की शी गुदाशयात उतरली की कळ येते. मूल आवळून धरतं, थोड्या वेळानं कळ जाते. शी मात्र तिथेच. मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती सुकते, मोठी होते. मग बाहेर येताना दुखतं, कधी चीर पडते. एकदा दुखलं की पोर दुसऱ्या दिवशी आणखी जोरानं आवळतं. असं चालू राहिलं की गुदाशय ताणून सैल पडतो आणि कळच नीट येईनाशी होते. म्हणजे "लागलीच नाही" हे माझ्या मुलाचं खोटं नव्हतं. भरलेलं आतडं मूत्राशयालाही दाबतं, त्यामुळे काही मुलांची शू सुटते, लघवीचा संसर्ग होतो. त्यात आमचा शहाणा, संडासात जावं लागू नये म्हणून शाळेत पाणीच पीत नव्हता. बाटली भरलेली परत यायची आणि मी विसरलास का म्हणून ओरडायचे.

उपचार म्हणजे पाण्यात मिसळायची पावडर. आधी काही दिवस मोठा डोस देऊन साठलेलं बाहेर काढायचं, मग रोज कमी डोस, आणि तोही महिनोन्महिने, कारण ताणलेलं आतडं आठवड्यात आवळत नाही. दोन दिवस पोट साफ झालं म्हणून आपल्या मनानं बंद केली की परत पहिले पाढे पंचावन्न, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. शिवाय जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसवायचं, पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट.

जेवणानंतर! इथेच तर माझं डोकं फिरतं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, हा शरीराचा नियम आहे. म्हणजे बऱ्याच मुलांना कळ येणार ती डबा खाल्ल्यावर, शाळेत. सकाळी घाईत दोन घास कोंबून पळणाऱ्या पोराला "घरूनच उरकून ये" सांगणाऱ्यांनी जरा स्वतःच्या पोटाला विचारावं.

मी शाळेत जाऊन मधल्या सुट्टीत संडासापाशी उभी राहिले. (शिपायाला वाटलं मी तक्रार करायला आलेय. बरोबर वाटलं.) तीन संडास. एकाला कुलूप, कारण "मुलं घाण करतात". एकात पाणी नाही. तिसऱ्याला कडी नाही, आणि त्याच्यापुढे रांग. सफाई होते पहाटे, शाळा भरायच्या आधी. म्हणजे संडास सगळ्यात स्वच्छ असतो तेव्हा तिथे एकही मूल नसतं, आणि कळ यायच्या वेळेपर्यंत तिथे पाऊल ठेववत नाही. सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यातच डबा. तासाला हात वर केला तर, "सुट्टीत काय करत होतास?"

मुलाला विचारलं, तुला नक्की कशाची भीती वाटते? मला वाटलं वासाची म्हणेल. म्हणाला, "कोणीतरी दार ढकलतं." एक कडी! एवढ्या सगळ्या आजारपणाच्या मुळाशी चार स्क्रूंची कडी. मोठ्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक, ठराव, मंजुरी यांची वाट बघायच्या आधी मुलांना विचारा ना, ती नेमकं सांगतात.

मी मुख्याध्यापिकांकडे नवी इमारत मागितली नाही. आतून लागणारी कडी मागितली, आणि प्रत्येक संडासात पाणी, तांब्या, बाहेर साबण. कुलूप काढा, कारण तीनचे दोन केले की ते दोन आणखी घाण होतात. सफाईची दुसरी फेरी डब्याची सुट्टी सुरू व्हायच्या आधी आणि तिसरी ती संपल्यावर. दारामागे कागद लावा, साफ करणाऱ्यानं वेळ लिहायची. पण नुसत्या सहीवर विसंबू नका, एका शिक्षकानं रोज आत डोकावून यायचं. साफ करणाऱ्या मावशींना हातमोजे आणि पुरेसा वेळ द्या, एकट्या बाईवर अख्खी शाळा टाकून वर तिलाच बोलू नका.

आणि तासाला जाऊ द्या. बाकावर एक ठरावीक कार्ड ठेवायचं आणि गुपचूप निघून जायचं, वर्गासमोर "कशाला? एक की दोन?" ही जाहीर चौकशी नको. मुलं टवाळक्या करायला जातात म्हणे. जात असतील दोन-चार. त्यांच्यासाठी तीस पोरांनी आतडी आवळून बसायचं? उपचार चालू असलेल्या मुलाला मात्र डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं शिक्षकांचा संडास वापरू द्या, आणि एक जास्तीची चड्डी पिशवीत घालून शिक्षिकेकडे राहू द्या. चिठ्ठी डॉक्टरांची आहेच.

कार्ड मिळालं. सफाईची दुसरी फेरी "बघू". कडीसाठी तीन आठवडे "सुतार येणार आहे" चाललं होतं. शेवटी शुक्रवारी मीच कडी आणि स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकून गेले आणि शिपायाला दार धरायला लावून बसवून आले. सोमवारी मुलगा पहिल्यांदा शाळेत संडासला जाऊन आला. घरी येऊन म्हणाला, "आई, पाणी नव्हतं पण."